‘दिवाळी झाली की नक्की’: फोनवरचा शब्द मेलमध्ये कसा उतरवायचा

भोसरीच्या दोन-तीन लहान वर्कशॉपची बिलं आणि वसुली मी सांभाळते. त्यातलं एक कंप्रेसर दुरुस्तीचं. ऑक्टोबरात वसुलीचा फोन केला की पलीकडून हमखास येणारं वाक्य म्हणजे, “मॅडम, दिवाळी झाली की नक्की.” ही काही तारीख नव्हे. तुळशीच्या लग्नापर्यंत कुठलाही दिवस ‘दिवाळीनंतर’च असतो.

सुरुवातीला असे शब्द मी डायरीत टिपून ठेवायची. एका पार्टीने ‘मार्चएंडला देतो’ म्हटलं, मी लिहून ठेवलं आणि थांबले. मे महिन्यात तिथला मॅनेजर बदलला. नवीन साहेब म्हणाले, असं कोण बोललं होतं, आणि काम तरी कुठे नीट झालं होतं? माझी डायरी माझ्याच अक्षरात होती. त्यांच्या बाजूची एक ओळही माझ्याकडे नव्हती. ते येणं अर्ध्यावर सुटलं. तेव्हापासून तारखेचा शब्द फोनवर मिळाला की फोन ठेवल्यावर अर्ध्या तासात त्याचा मेल जातो. तो मेल कसा लिहायचा, उत्तर कसं मिळवायचं आणि पुढे तो कसा जपायचा, हे एका हिशेबावरून सांगते. आकडे आणि तारखा समजावण्यासाठी घेतल्या आहेत, पण पद्धत माझी रोजची आहे.

आधी हिशेब

कंप्रेसर ओव्हरहॉलिंगचं बिल, तारीख ६ ऑगस्ट २०२५. कामाचे १,६०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी २८,८००, एकूण १,८८,८००. मुदत ३० दिवसांची, म्हणजे ५ सप्टेंबरपर्यंत. १२ सप्टेंबरला ५०,००० आले. वर्कशॉप मालकाच्या एकट्याच्या नावावर आहे, म्हणून पार्टी १ टक्का टीडीएस कापते, तोही जीएसटी सोडून १,६०,००० वर, म्हणजे १,६००. राहिले १,३७,२००.

फोन करण्याआधी हा आकडा काढलेला असावा. आपण ‘१,३८,८०० बाकी’ म्हणायचं आणि त्यांच्या लेजरला १,३७,२०० असायचे, हा फरक फक्त टीडीएसचा असतो. पण मेलमध्ये चुकीचा आकडा गेला की समोरच्याला ‘आधी हिशेब जुळवू’ म्हणायला आयती वाट मिळते, आणि तारीख बाजूला पडते.

फोनवरच तारीख पक्की करायची

मेल चांगला उतरतो तो फोनवर चार गोष्टी विचारलेल्या असल्या तर: कुठली तारीख, किती रक्कम, कशाने देणार आणि कोणाच्या होकाराने. माझं बोलणं साधारण असं होतं.

“सर, भाऊबीज २३ ला आहे. मग सोमवार, २७ ऑक्टोबर धरू?”

“हो हो, सत्तावीसला करून टाकू.”

“आमच्याकडे बाकी १,३७,२०० दिसते. तुमच्याकडे?”

“थांबा हं... हो, टीडीएस जाऊन तेवढेच.”

“चेक की एनईएफटी?”

“एनईएफटी मारतो.”

“शेठशी बोलणं झालंय ना?”

“त्यांनीच सांगितलंय. बोनस निघू दे, मग हे सोडा म्हणाले.”

“बरं. मी हे लगेच मेलवर टाकते, तुमच्या अकाउंट्सलाही सोपं जाईल.”

शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोलते. मेल येणार हे आधीच ठाऊक असलं की तो पाहून कोणी बिचकत नाही. उलट मेलचं नाव काढताच समोरचा घुटमळायला लागला, ‘अहो, मेल कशाला, आपलं काय परकं आहे का’ असं म्हणाला, तर त्या सत्तावीस तारखेत फारसा दम नाही हे तिथेच कळतं.

चौथा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. स्टोअरमधल्या मुलाने ‘होऊन जाईल’ म्हटलं तर तो कंपनीचा शब्द ठरत नाही. ज्याला पैसे सोडायचा अधिकार आहे, किंवा जो अधिकार असलेल्याच्या वतीने बोलतोय, त्याचंच नाव मेलमध्ये यायला हवं.

एनईएफटी आणि आरटीजीएस आता सुट्टीच्या दिवशीही, दिवसरात्र चालतात. त्यामुळे ‘बँक बंद होती’ हे कारण चेकला लागू पडेल, एनईएफटीला नाही. पैसे कशाने येणार हे लिहून ठेवण्याचा हाही एक फायदा.

मेल

नवीन मेल सुरू करू नका. ज्या मेलने बिल पाठवलं होतं, त्यालाच उत्तर म्हणून हा पाठवा. मग बिल, त्याची पीडीएफ आणि हा शब्द एकाच साखळीत राहतात, आणि ‘हे कुठल्या बिलाबद्दल होतं’ हा वाद उरत नाही. पाठवायचा बोलणाऱ्या साहेबांना, आणि सीसीमध्ये अकाउंट्सचा सामायिक पत्ता. साहेब नोकरी सोडून गेले तरी अकाउंट्सच्या पेटीत मेल राहतो. पत्ते कंपनीचे वापरा. साहेबांचा खासगी जीमेल असेल तर तो सोबत चालेल, एकटा नको.

माझा मजकूर असा असतो:

> विषय: बिल क्र. ११८, दि. ६ ऑगस्ट २०२५: बाकी रु. १,३७,२००, देय २७ ऑक्टोबर २०२५
>
> नमस्कार सर,
>
> आज, गुरुवार, १६ ऑक्टोबर रोजी दुपारी ४.२० च्या सुमारास आपलं फोनवर बोलणं झालं. त्यात ठरलेलं असं:
>
> वरील बिलाची टीडीएस वजा जाता बाकी रु. १,३७,२०० आहे. ही पूर्ण रक्कम सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५ पर्यंत एनईएफटीने आमच्या खात्यात जमा कराल, आणि शेठजींची याला संमती आहे, असं आपण सांगितलंत.
>
> हिशेब: बिल १,८८,८००, टीडीएस १,६००, १२ सप्टेंबरला मिळालेले ५०,०००, बाकी १,३७,२००.
>
> बिलाची मूळ मुदत ५ सप्टेंबर २०२५ होती. वरील तारीख ही आपण दिलेली पैसे भरण्याची तारीख आहे. तिच्यामुळे बिलाची मूळ मुदत किंवा त्यावरचे आमचे हक्क बदलत नाहीत.
>
> आपल्या लेजरलाही बाकी रु. १,३७,२०० च आहे का, आणि २७ तारीख बरोबर लिहिली आहे का, एवढं उद्या संध्याकाळपर्यंत याच मेलवर कळवावं. काही वेगळं असेल तर तेही लिहावं.
>
> आपली,
> (नाव, हुद्दा, वर्कशॉपचं नाव, मोबाइल)

बस, एवढंच. ‘आपल्या जुन्या संबंधांचा मान ठेवून’ वगैरे काही नाही, आणि धमकीही नाही. उद्या हा मेल तिसऱ्या माणसाने वाचला, मग तो वकील असो, थकलेल्या बिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलचा सदस्य असो वा न्यायाधीश, तर त्याला बोलणं झालं त्याच दिवशी केलेली साधी नोंद दिसायला हवी. चढवलेला सूर दिसला की नोंद खटल्यासाठी रचली असा संशय येतो.

यातल्या दोन वाक्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण चुका तिथेच होतात.

पहिलं, मूळ मुदतीचं. ‘२७ ऑक्टोबरला पैसे द्यावेत ही विनंती’ एवढंच लिहिलं, तर पुढे समोरचा म्हणू शकतो की तुम्हीच मुदत वाढवून दिलीत, मग २७ च्या आधीचं व्याज कसलं मागता? वर्कशॉप उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म उद्योग आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ठरवून घेतलेली ती मुदतही काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपुढे जाऊ शकत नाही. मुदत चुकली की व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ. ऑक्टोबर २०२५ मध्ये बँक रेट ५.७५ टक्के होता, म्हणजे व्याज १७.२५ टक्के. एवढं व्याज प्रत्यक्षात मागायचं की नाही, हा धंद्याचा प्रश्न. पण एका ढिसाळ वाक्याने ते सोडून दिल्यासारखं दिसू नये. ज्यांच्या बिलाला हा कायदा लागू होत नाही, त्यांना तर मुदतीचं हे वाक्य जास्तच गरजेचं आहे, कारण त्यांच्या पाठीशी ४५ दिवसांची मर्यादा नाही.

दुसरं, शेवटचा प्रश्न. फोनवर काय ठरलं हे मी लिहून पाठवलं, तर ते माझं म्हणणं झालं. त्याचा उपयोग आहे, पण डायरीपेक्षा एकच पायरी वर. खरं वजन त्यांच्या उत्तराला आहे. म्हणून मेलचा शेवट ‘कृपया नोंद घ्यावी’ असा करायचा नाही. नोंद घ्यावी म्हटलं की लोक नोंद घेतात आणि गप्प बसतात. लेजरची बाकी विचारली की अकाउंटंटला आकडा टाइप करावा लागतो.

आणि तीन गोष्टी यात कधीच घालू नयेत. फोनवर जे बोलणं झालंच नाही, ते नको. ‘कामाबद्दल काही तक्रार नाही असं आपण म्हणालात’ हे वाक्य सोन्यासारखं आहे, पण ते खरोखर बोलले असतील तरच. सवलतीचा प्रस्ताव नको. ‘लवकर दिलेत तर पाच हजार सोडू’ असं म्हणायचं असेल तर त्यासाठी वेगळा मेल करा, नाहीतर रकमेचाच घोळ होतो. आणि वकिलांच्या पत्रात पाहून वर ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहायची हौस नको. ते शब्द तडजोडीची बोलणी पुराव्यात येऊ नयेत म्हणून वापरतात. आपल्याला हा मेल पुराव्यात यायला हवाच आहे.

मेल मराठीत चालतो का, असं मला विचारतात. चालतो. फक्त त्या पार्टीशी आधीचे मेल ज्या भाषेत झालेत तीच भाषा ठेवा, म्हणजे ‘मला नीट कळलं नाही’ असं म्हणायला जागा राहत नाही.

उत्तर कसं आलं, त्यावर पुढचं

उत्तरं साधारण तीन तऱ्हेची येतात.

सगळ्यात चांगलं: ‘होय, आमच्या लेजरप्रमाणे बाकी १,३७,२००. २७ ला एनईएफटी करू.’ खाली नाव आणि हुद्दा. हे उत्तर १७ ऑक्टोबर २०२५ ला आलं असं धरा. त्याचं काम फक्त २७ तारखेपुरतं नाही. बिलाच्या वसुलीसाठी दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षांची असते. ती संपायच्या आत देणेकऱ्याने लेखी, सही करून देणं कबूल केलं, तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे त्या कबुलीपासून ३ वर्षं नव्याने मोजतात, म्हणजे इथे ऑक्टोबर २०२८ पर्यंत. मेलने दिलेली अशी कबुली कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्राह्य धरली होती. तरी ‘सही कुठे आहे’ हा वाद समोरचा वकील काढू शकतो. म्हणून उत्तर कंपनीच्या पत्त्यावरून आणि नावासकट यावं, याबद्दल मी आग्रही असते. मुदत संपत आली असेल तर मेलवर न थांबता लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी बाकीचा दाखला मागते.

दुसरी तऱ्हा: ‘ओके’. किंवा अंगठा. यातून मेल पोहोचला आणि हरकत घेतली नाही हे दिसतं, पण ओके कशाला ते स्पष्ट नाही. मी त्याच साखळीत लगेच एक ओळ टाकते: ‘धन्यवाद सर. म्हणजे १,३७,२०० आणि २७ ऑक्टोबर, दोन्ही बरोबर धरते.’ त्यावर पुन्हा ‘हो’ आलं तर काम झालं.

तिसरी: काहीच नाही. गप्प बसणं म्हणजे कबुली असं मानून बसू नका. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर साधा प्रश्न टाकते, “सर, कालचा मेल मिळाला ना? २७ चं नक्की आहे ना, बँकेत तसं सांगून ठेवते.” मेलला उत्तर न देणारे साहेब व्हॉट्सॲपवर अर्ध्या मिनिटात “हो मॅडम नक्की” लिहितात. तेही इलेक्ट्रॉनिक नोंदीतच येतं. तो निरोप मेलमधल्या आकड्याशी जोडलेला राहावा म्हणून प्रश्नातच मेलचा आणि तारखेचा उल्लेख असतो.

कधी कधी चौथं काहीतरी येतं: ‘व्हॉल्व्हचा आवाज येतोय, आधी ते बघा.’ वाईट वाटतं, पण ही तक्रार ऑक्टोबरातच कळली हे बरं. एमएसएमई कायद्यात कामाबद्दलची हरकत १५ दिवसांत लेखी घ्यायची असते, नाहीतर काम स्वीकारलं असं धरतात. इथे दोन महिने उलटून गेलेत. माणूस पाठवून व्हॉल्व्ह बघून घ्या, पण काम कधी दिलं आणि तक्रार कधी आली, या दोन्ही तारखा उत्तरात लिहा.

मेल जपायचा कसा

मेल आहे म्हणून निर्धास्त राहणारे इथे फसतात. प्रिंट काढून फाइलला लावली म्हणजे पुरावा झाला, असं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत कोर्टात देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक आपण भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचा हॅश लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा. आतलं एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. प्रमाणपत्राची ही सक्ती जुन्या कायद्यातही होती. जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती ठामपणे सांगितली.

प्रमाणपत्र दावा करताना वकील तयार करतील. आपण आजच करायचं काम छोटं आहे. जीमेलमध्ये त्यांचं उत्तर उघडा, तीन टिंबांवर `Show original` दाबा, मग `Download Original`. जी `.eml` फाइल उतरते तिच्यात मेलचा पूर्ण मार्ग, वेळा आणि पत्ते असतात. ते प्रिंटमध्ये दिसत नाहीत. आपण पाठवलेल्या मेलचंही तसंच करा. मग उत्तराच्या फाइलला `bill118-reply.eml` असं नाव देऊन, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, फाइल जिथे आहे त्या फोल्डरमधून:

```
certutil -hashfile bill118-reply.eml SHA256
```

येणारी लांब ओळ त्याच दिवशी एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. मूळ मेल इनबॉक्समधून काढू नका. उत्तर स्वतःलाच फॉरवर्ड करून ‘जपून ठेवलं’ असं समजू नका. फॉरवर्ड हा आपल्याकडून गेलेला नवा मेल असतो, मूळ उत्तर नव्हे. आणि ज्या मुलीच्या लॉगिनवरून मेल गेला ती नोकरी सोडते तेव्हा तिचं खातं बंद करण्याआधी हे सगळं उतरवलंय का, ते पाहा. आमचा एक चांगला मेल असाच गेला. आयटीवाल्याने महिनाअखेरीला जुनी खाती साफ केली, आणि कोणाला पत्ताच नव्हता.

२७ तारीख

त्या दिवशी फोन नको. एनईएफटी रात्रीही येऊ शकतं. २८ ला सकाळी बँक स्टेटमेंट बघायचं आणि त्याच साखळीत लिहायचं: ‘काल, २७ ऑक्टोबरपर्यंत रु. १,३७,२०० जमा झालेले नाहीत. पाठवले असल्यास यूटीआर क्रमांक द्यावा.’ यूटीआर मागितला की ‘पाठवलेत, दिसतील’ हे उत्तर फार वेळ टिकत नाही.

समजा ६०,००० आले. मग: ‘आज बिल क्र. ११८ पोटी रु. ६०,००० मिळाले. बाकी रु. ७७,२००. ते कधी कराल?’ पैसे कुठल्या बिलापोटी घेतले हे लिहिलं नाही, तर पुढच्या वादात ते दुसऱ्याच बिलाला लावले जातात. त्याला त्यांचं लेखी ‘हो’ मिळवा. मुदतीच्या कायद्यात जुनी मुदत संपायच्या आत भरणा झाला एवढंच पुरत नाही, त्याची देणाऱ्याची लेखी नोंदही लागते.

त्यांनी नवी तारीख दिली, ‘१० नोव्हेंबर पक्कं’, तर पुन्हा तोच मेल, नव्या आकड्यासह. जुना मेल खोडायचा किंवा सुधारायचा नाही. ‘पूर्वी २७ ऑक्टोबर ठरलं होतं, तेव्हा रु. ६०,००० मिळाले’ हे नव्या मेलमध्ये एका ओळीत येऊ द्या.

माझा हिशेब दोन तारखांचा. दुसरीही चुकली की तिसरी मी मागत नाही. एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करायचा, की वकिलांची नोटीस पाठवायची, हे मालकाबरोबर बसून ठरवते. अर्जाला बिल, कामाचं चलन, उद्यम प्रमाणपत्र आणि ही मेलची साखळी जोडायची. उद्यम नोंदणी कामाच्या आधीची आहे ना, ते आधी तपासा, कारण समोरचा पहिलं बोट तिथेच ठेवतो. फाइलमध्ये सगळ्यात वर मी त्यांचंच उत्तर लावते, ज्यात त्यांच्या अकाउंटंटने १,३७,२०० टाइप केलेले असतात.